हाक माझी, निरोप त्याचा

सुलक्षणाबद्दल सांगायचं तर आधी तिच्या आवाजाबद्दल सांगावं लागतं, कारण अर्ध्या तालुक्यानं तिला पाहिलेलंच नाही, नुसतं ऐकलंय. शिरूरच्या मार्केट यार्डात एका आडतीच्या पेढीवर ती फोनवर बसते. सकाळी लिलाव झाला की दुपारपर्यंत फोन खणखणत असतो, आणि ही एका सुरात सांगत असते, "कांदा एक नंबर असा, दोन नंबर तसा, गोल्टी अशी. गाडी किती वाजता येईल तुमची?" गोल्टी म्हणजे बारीक गोल कांदा, त्याचा भाव वेगळा. कागद नाही, यादी नाही. सगळं डोक्यात. न्हावऱ्यापासून ते पार दौंडकडच्या राहूपर्यंतचे शेतकरी तिला आवाजावरून ओळखतात, आणि तीही त्यांना. "पांडूआबा, खोकला अजून हाय का हो?" म्हणून विचारते, आणि पलीकडचा म्हातारा अर्धा विरघळतो.

तिला दिसत नाही. सहा वर्षांची असताना गोवर निघाला आणि गोवरानं डोळे नेले. पुढं पुण्यात अंध मुलींच्या शाळेत शिकली, टेलिफोन बोर्डाचा कोर्स केला, आणि परत न्हावऱ्याला आली. आता वय चौतीस. रोज एसटीनं ये-जा. आई साखरबाई, धाकटा भाऊ इंद्रजीत, त्याची बायको-पोरं, दोन म्हशी, थोडा ऊस, असं घर. आईची गोळ्या-औषधं हिच्याकडं, म्हशींचं दूधही हिच्याच हातानं निघतं. डोळसांनी लाजावं असं काम, मी खोटं बोलत नाही.

मी गौतमी. एसटी स्टँडच्या बाहेर माझं मोबाईलचं दुकान आहे. बाई मोबाईल दुरुस्त करते म्हणून पहिली दोन वर्षं लोक नुसतं बघायला यायचे. सुलक्षणा आली ती मात्र हेडफोनची वायर जोडून घ्यायला. आली, स्टुलावर बसली, आणि म्हणाली, "तुझ्या सोल्डरचा वास चांगला येतोय, म्हंजी हात बरा असंल." तेव्हापासून बस सुटेपर्यंतचा तिचा अर्धा तास माझ्याकडं. आमचं भांडणही खूप व्हायचं. मी तापट, ती हट्टी. पण ती नाही आली की मला चहा गोड लागायचा नाही, हेही खरं.

गेल्या दिवाळीनंतर तिनं नवा फोन घेतला. इंद्रजीत बरोबर आला होता. जुन्या फोनवर ती बोटानं चाचपत चालायची आणि फोन प्रत्येक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायचा. एसटीत बसून पिन टाकायची म्हणजे हेडफोन शोधा, नाहीतर शेजारचीला सगळं ऐकू जायचं. तिला वैताग आला होता. मला म्हणाली, "गौतमी, मी नुसती हाक मारली की फोननं ऐकलं पायजे. आन् माझंच ऐकलं पायजे, दुसऱ्या कुणाचं न्हाई."

मी म्हटलं, "हात्तिच्या! त्याला व्हॉइस मॅच म्हणतात. आत्ता करून देते."

आता हे कसं चालतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर माझा मला राग येतो. फोनला उठवायची एक ठरलेली हाक असते. ती हाक आपण तीन-चार वेळा म्हणून दाखवायची. फोन ती पाठ करून ठेवत नाही. आपला आवाज घशातून, टाळूवरून, नाकातून येताना त्याला जो स्वतःचा घाट येतो, कुठं भरीव, कुठं बारीक, कुठं घोगरा, त्याचे तो आकडे करतो. ते आकडे म्हणजे त्याच्या लेखी सुलक्षणा. पुढं कोणीही हाक मारली की त्या हाकेचे आकडे काढायचे, आणि ठेवलेल्यांशी ताडून बघायचे. तंतोतंत जुळले पाहिजेत असं नसतं, कारण कुठलाच माणूस एक शब्द दोनदा सारखा बोलत नाही. पुरेसे जवळ आले की फोन म्हणतो, हीच. हे "पुरेसे" किती, तिथंच सगळी गोम आहे. फार कडक धरलं तर सर्दी झालेल्या मालकिणीलाही फोन हाकलून देतो. सैल धरलं तर भलत्यालाच घरात घेतो.

ती स्टुलावर ताठ बसली, जणू काही शाळेत कविता म्हणायची आहे. इंद्रजीत आपल्या मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढायला लागला. "ताई, हस की जरा, स्टेटसला ठेवतो." तिनं पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरीला तिनं एवढा खडा सूर लावला, लिलावात बोली लावावी तसा, की मला हसू आवरेना. मी खोऽखो करून हसले. फोन म्हणाला, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. मग ती मला शिव्या घालत पुन्हा बोलली. खरं तर मी शटर अर्धं ओढून, गडबड बंद करून हे करायला हवं होतं. पण पाच मिनिटांचं काम म्हणून तसंच उरकलं.

मग आम्ही गंमत केली. मी तिच्यासारखा आवाज काढून हाक मारली. फोन ढिम्म. इंद्रजीतनं बायकी आवाज काढून बघितला. फोन ढिम्म. चहावाल्या तानुबाईंना बोलावलं, त्याही बोलल्या. काही नाही. सुलक्षणानं हळू आवाजात हाक मारली, आणि फोन लगेच टुण् करून उठला. तिचा चेहरा असा फुलला! म्हणाली, "बघा. जगात एकाला तरी माझी वळख पटती."

शेवटी तिनं सांगितलं की कुलूप असतानाही फोननं काम केलं पाहिजे, म्हणजे पिनची कटकट नको. मी ती सोय चालू केली. तेव्हा पडद्यावर एक सूचना आली. तुमच्या आवाजासारखा आवाज किंवा तुमचं रेकॉर्डिंग वापरून दुसरं कोणी तुमचे निरोप वगैरे उघडू शकेल, अशा अर्थाची. वाचणारी सोय मी तेवढ्यापुरती बंद ठेवली होती, बडबड नको म्हणून. ती सूचना मी पाहिली. आणि "मान्य" दाबलं. तिला वाचून दाखवली नाही. पुढं अजून एक पान आलं, तुमच्या आज्ञांचं ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं का. तिथंही "मान्य". गिऱ्हाईक खोळंबलं होतं. बास, एवढंच कारण.

आता भारतचं सांगते. भारत राहूचा. छत्तीस वर्षांचा, चार एकर बागायती, आई आणि तो. कांद्याचा भाव विचारायला पेढीवर फोन करायचा. त्याचा कांदा फेब्रुवारीतच विकून झाला, पण फोन काही थांबला नाही. एप्रिलमध्ये सुलक्षणानं त्याला तोंडावर विचारलं, "अहो, वखारीत कांदा हाय का न्हाई, खरं सांगा?" तो म्हणाला, "न्हाई. पण भाव ऐकल्याबिगर जेवण जात न्हाई." हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी आठ दिवस तिला "भाव काय चाललाय?" म्हणून पिडलं.

मग निरोपानिरोपी सुरू झाली. ती फोनला सांगायची, फोन लिहून पाठवायचा, त्याचा निरोप आला की वाचून दाखवायचा. तिनं भारतला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "माझा फोन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत न्हाई." तो दोनदा यार्डात येऊन भेटून गेला. मी लांबून पाहिला. साधा होता, बूट धुळीचे, बोलताना मान खाली. तिला दिसत नाही हे त्याच्या आईला ठाऊक होतं. ठरलं असं की जूनच्या दुसऱ्या रविवारी मायलेक न्हावऱ्याला येणार, रीतसर बोलणी करणार. साखरबाई रडल्या म्हणे, आनंदानं. इंद्रजीत काहीच बोलला नाही. सुलक्षणाला वाटलं, लाजला असेल.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी शेजारी डोहाळजेवण होतं. सुलक्षणा आणि साखरबाई संध्याकाळी तिकडं गेल्या. फोन घरात चार्जिंगला होता. साडेसातला परत आल्या, तिनं फोन हातात घेतला तर भारतचा निरोप. फोननं वाचला: "बरं. जसं तुमचं मन."

कशाचं मन? तिनं मागं जाऊन ऐकलं. तिच्याच फोनवरून सात वाजून बारा मिनिटांनी निरोप गेला होता: "रविवारी येऊ नका. माझा विचार बदलला आहे. परत फोन करू नका."

तिनं लगेच त्याला फोन लावला. म्हणाली, हे मी पाठवलेलं न्हाई. तो म्हणाला, "सुलक्षणा, तुम्हीच सांगितलं होतं ना, फोन तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत न्हाई? मग कुणी पाठवलं, भुतानं? मन बदललं आसंल तर सरळ सांगा. मी काय भांडायला येणार न्हाई." ती जीव तोडून सांगत राहिली. तो म्हणाला, घरी पाव्हणे दुसरं स्थळ सांगतायत, आई म्हणते रविवारी तिकडं जाऊ. आणि फोन ठेवला. गुरुवारी तिनं नऊ वेळा लावला, त्यानं उचलला नाही.

शुक्रवारी चारलाच ती दुकानात आली. हाफ डे टाकून. चेहरा पार उतरलेला. सगळं सांगितलं आणि फोन काउंटरवर असा ठेवला की काच फुटली असती. "तुझ्या ह्या फोननं माझा केसानं गळा कापला, गौतमी. मी झोपेत बोलले का? मला येड लागलं का? मी स्वतःवरच संशय घ्यायला लागलीया."

मी आधी भारतला चार शिव्या हासडल्या. "उगं त्याच्या नावानं वराडू नको," ती म्हणाली, "आधी कुणी केलं ते सांग. रविवारच्या आत मला त्याला दाखवायचंय की मी न्हवते."

तेव्हा मला ते दुसरं "मान्य" आठवलं. आज्ञांचं ध्वनिमुद्रण. फोनच्या खात्यात जाऊन मी मागच्या आज्ञांची यादी काढली. बुधवार, सात बारा. शेजारी तिकोनी खूण होती, म्हणजे आवाज शिल्लक होता. मी दाबलं.

आधी तिचीच हाक आली. स्वच्छ, खडी. सुलक्षणाचा हात माझ्या मनगटावर आवळला.  वाटलं, हिनंच केलं की काय? मन बदललं आणि आता नाटक करतेय? वाटलं, खोटं कशाला बोलू.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं.

"ही मी हाय, पण मी तिथं न्हाई," ती म्हणाली. "आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. खालचा भरीवपणा गेलाय. आन् ऐक, हाकेच्या मागं घुमतंय ते एकदा मोठ्या जागेतलं, एकदा खोलीतलं. परत लाव. आवाज वाढव. हाक संपता संपता मागं कोण हसतंय?"

मी कान लावला. हाकेच्या शेपटाला, एसटीच्या हॉर्नच्या खाली, अर्धवट तुटलेलं कोणाचं तरी हसणं होतं. खोऽ असं.

ते माझं हसणं होतं.

 ह्याच दुकानातलं, त्या दिवसाचं हसणं. तिसऱ्या हाकेचं. तो व्हिडिओ जगात एकाच माणसानं काढला होता. मी काही बोलायच्या आत रेकॉर्डिंग पुढं सरकलं, आणि दबक्या आवाजात, फोनला अगदी तोंड लावून, इंद्रजीत बोलला, "भारतला मेसेज पाठव." फोननं विचारलं, काय लिहू? तो एकेक शब्द सांगत गेला. फोननं वाचून दाखवलं, पाठवू का? "हो."

सुलक्षणा आपला ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत बसली. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "थांब, त्याला आत्ता..." "गप," ती म्हणाली. "आधी मला सांग, फोननं त्याचं ऐकलंच कसं? तो बोलला तवा त्याचा आवाज तर माझा न्हवता."

मग मला सांगावंच लागलं. ह्या फोनात ओळख फक्त हाकेची तपासतात. हाक पटली की दार उघडलं, पुढचं वाक्य कोण बोलतोय ते तो बघत नाही. आणि हाकेतही तो एवढंच बघतो की आवाज कोणाचा आहे. तो जित्या तोंडातून आला की दुसऱ्या मोबाईलच्या स्पीकरमधून, हे ओळखायची युक्ती काही यंत्रांत असते, पण सगळ्यांत नसते, आणि जिथं असते तिथंही फसते. व्हिडिओत आवाजाचा थोडा कस जातो, पण तिचा घाट शिल्लक राहतो. नकला करून मी फसवू शकले नाही, कारण माझा घसा माझाच. तिचाच आवाज वाजवला तर मात्र तो तिचाच.

खात्री करायला मी इंद्रजीतनं तेव्हा त्यांच्या फॅमिली ग्रुपवर टाकलेला तोच व्हिडिओ तिच्याच फोनवरून माझ्याकडं घेतला आणि तिच्या फोनच्या जवळ वाजवला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही, रस्त्यावर ट्रॅक्टर चालला होता. तिसऱ्यांदा अगदी बोटभर अंतरावर धरला, आणि फोन टुण् करून उठला. मी माझ्या आवाजात विचारलं, "किती वाजले?" त्यानं निमूट सांगितलं, चार वाजून चाळीस मिनिटं.

"म्हंजी त्यानंही दोन-तीनदा केलं आसंल," सुलक्षणा म्हणाली. "पहिल्यांदा चुकलं तवा थांबला न्हाई. परत केलं."

आणि मग मी ते सांगितलं जे मला सांगायचं नव्हतं. सूचना आली होती. रेकॉर्डिंगनं हे होऊ शकतं असं फोननंच लिहून दाखवलं होतं. मी वाचलं, तुला वाचून दाखवलं नाही.

ती माझ्याकडं तोंड करून बसली. तिला दिसत नाही, पण मी मान खाली घातली. "तू पण," एवढंच म्हणाली. इंद्रजीतला मी किती शिव्या दिल्या असत्या, पण त्या दोन शब्दांनंतर माझ्या तोंडातून एक निघाली नाही.

सहाला इंद्रजीत तिला न्यायला आला. शुक्रवारी शिरूरला त्याचं काम असतं, म्हणून गाडीवरून बरोबर नेतो. आत येऊन म्हणाला, "चल ताई, उशीर झाला." तिनं बोट फिरवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. तिची हाक, माझं हसणं, त्याचा आवाज. तो दारात होता तसाच उभा राहिला. तानुबाई चहाचे ग्लास घ्यायला आल्या होत्या, त्याही थबकल्या.

"का रं?" सुलक्षणानं विचारलं. आवाज चढवला नाही.

आधी तो म्हणाला, मस्करी केली. मग म्हणाला, भारतची माणसं नीट नाहीत. मग एकदम रडकुंडीला आला. "ताई, तू गेल्यावर आईला कोण बघणार? तुलाबी तिथं काय झालं तर? चार महिन्यांनी परत आणून सोडली तर गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का? तुझ्या भल्यासाठीच केलं मी."

"मग मला का न्हाई सांगितलंस? तोंड हाय ना तुला?"

तो गाडीची किल्ली बोटात फिरवायला लागला.

"सांग की."

"वाटलं, तुला कळणारच न्हाई," तो म्हणाला.

ते ऐकून मला कानफटात बसल्यासारखं झालं. ज्या बाईनं ह्याचे शाळेचे पाढे पाठ करून घेतले, ह्याच्या पोरांची नावं ठेवली, तिला कळणार नाही. सुलक्षणाचा चेहरा मात्र दगडासारखा झाला. तिनं हात पुढं केला. "तुझा मोबाईल काढ. भारतला लाव. माझा नंबर तो उचलत न्हाई, तुझा उचलंल. बुधवारी माझ्या आवाजात बोललास. आता तुझ्या आवाजात बोल."

"ताई, नको ना..."

"लाव."

त्यानं लावला. मीच स्पीकर चालू केला. भारतनं उचलला. इंद्रजीत अडखळत, घाम पुसत सगळं बोलला. व्हिडिओ, हाक, निरोप, सगळं. त्यात एकदाही त्यानं "चुकलं" असं म्हटलं नाही, पण लपवलंही काही नाही. पलीकडं कुठंतरी मोटार चालू असावी, पाण्याचा आवाज येत होता.

मग भारत म्हणाला, "सुलक्षणा हायेत का तिथं?"

"हाय," ती म्हणाली.

"मला माफ करा. मला काय म्हाईत! फोनवर तुमचंच नाव, तुमचंच बोलणं. तुम्हीच म्हणाला होता तो दुसऱ्याचं ऐकत न्हाई. आता सगळं कळलं. मी आईला सांगतो, रविवारी आम्ही तुमच्याकडंच येतो."

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, सुटलं. तानुबाईंनी पदरानं डोळे टिपले. इंद्रजीतही मान वर करून तिच्याकडं बघायला लागला.  पण सुलक्षणाच्या बोटाला अजून ओढणीचा काठ गुंडाळलेला होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "पाच महिने तुम्ही रोज माझा आवाज ऐकताय. भाव खाली गेला की माझा सूर उतरतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. बुधवारी मी तुमच्याशी बोलले. ते रेकॉर्डिंग न्हवतं, माझंच तोंड होतं. रडत सांगत होते, हे मी न्हाई. तवा तुम्हाला माझा आवाज वळखू आला न्हाई का?"

"अहो, पण तो मेसेज..."

"मेसेज लिहिलेला होता. त्यात आवाज कुठं होता? तुम्ही लिहिलेलं खरं मानलं आन् बोललेलं खोटं. फोनला फसवायला माझं रेकॉर्डिंग तरी लागलं. तुम्हाला तेवढंबी लागलं न्हाई."

पलीकडून काहीतरी बोलणं सुरू झालं होतं, चूक झाली, एक डाव माफी, असं. ती थांबली, त्याला पूर्ण बोलू दिलं. ती कोणाचंच बोलणं अर्ध्यात तोडत नाही, पेढीची सवय. मग म्हणाली, "रविवारी येऊ नका. परत फोन करू नका. आन् आता ऐका नीट, हे मीच बोलतीया."

आणि इंद्रजीतच्या मोबाईलवर तिनं अंदाजानं लाल बटण दाबलं. पहिल्याच दाबात लागलं.

 मी म्हटलं, "अगं, येडी का खुळी, त्यानं माफी मागितली..." तर ती म्हणाली, "तुला काय झालं मला शिकवायला? माझा आवाज काढून टाक त्या फोनातनं." मी सेटिंगमध्ये गेले. फोननं विचारलं, तुमच्या आवाजाची ओळख पुसायची का? ह्या वेळी मी एकेक शब्द तिला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं स्वतःच्या बोटानं "हो" केलं. कुलपाची पिनही बदलून घेतली. सहा आकडी.

इंद्रजीत गाडी चालू करून बाहेर उभा होता. "ताई, चल." ती काठी टेकत त्याच्या शेजारून गेली आणि न्हावऱ्याच्या एसटीकडं वळली. तो गाडी ढकलत तिच्या मागं मागं स्टँडच्या दारापर्यंत गेला. तिनं वळून पाहिलं नाही, आणि वळली असती तरी काय. कंडक्टरनं हात दिला, ती चढली.

अजूनही ती न्हावऱ्यालाच राहते. आईची औषधं तीच देते, इंद्रजीतच्या पोरांना पाढेही शिकवते, पण इंद्रजीत बोलला की ती आधी म्हणते, "कोण बोलतंय?" घरातला माणूस, सख्खा भाऊ, रोज सांगतो, "मी हाय ताई, इंद्रा." रोज. माझ्याकडं येते, चहा घेते. पण पुढं हा फोन बदलला तेव्हा तिनं दुसरा यार्डाजवळच्या दुसऱ्या दुकानातून घेतला. मला ते फार लागलं. 

भारतनं एकदा पेढीच्या फोनवर फोन केला होता. मी तेव्हा डबा द्यायला तिथं गेले होते, म्हणून मला माहीत. तो "हॅलो" म्हणाला आणि तिनं ओळखला, तिचं बोट टेबलावर थांबलं त्यावरून मला कळलं. तो म्हणाला असणार, भाव काय हाय. तिनं सांगितला. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, सगळा, ज्या सुरात सगळ्यांना सांगते त्याच सुरात. मग विचारलं, "गाडी कवा येईल तुमची?"

तो काही बोलला नसावा. ती दोन क्षण थांबली, आणि म्हणाली, "बरं. लाइन मोकळी करते, दुसरे शेतकरी थांबलेत."